आठ ग्लासांचा नियम आणि विंझरची माणसं

विंझरच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वर्षभर येतो. उन्हाळ्यात जास्त येतो आणि मोबाईलवर नवा व्हिडिओ फिरायला लागला की आणखी जास्त. ‘‘मॅडम, दिवसाला आठ ग्लास पाणी प्यायलाच पाहिजे ना?’’ कधी हे अंगावर पाजणारी सून विचारते, कधी दिवसभर भातखाचरात राबलेला गडी विचारतो, तर कधी पायांवर सूज चढलेले आजोबा. तिघांना एकच आकडा सांगितला तर निदान एकाचं तरी नुकसान ठरलेलं. मावळातल्या या पट्ट्यात रुग्ण बघता बघता पाण्याबद्दल जे उमगलं, ते क्रमाने लिहिते.

१. आठचा आकडा औषधाच्या डोससारखा घेऊ नये.

हा आकडा नेमका कुणी काढला याचा छडा लावायला अमेरिकेतले मूत्रपिंडतज्ज्ञ हाइन्झ वाल्टिन बसले. 2002 साली त्यांनी लेख लिहून सांगितलं, की निरोगी माणसाने रोज आठ ग्लास पाणी वेगळं प्यायला हवं याला शास्त्रीय आधार सापडत नाही. बहुधा मूळ आहे 1945 सालच्या अमेरिकन आहार मंडळाच्या शिफारशीत. त्यांनी मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं असं म्हटलं होतं, आणि लगेच पुढे यातलं बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं असंही लिहिलं होतं. लोकांनी आधीचं वाक्य धरलं, नंतरचं सोडलं.

शिवाय ग्लास कुठला? त्यांचा ग्लास 240 मिलिलिटरचा, म्हणजे आठ ग्लासांचे दोन लिटरही पुरते होत नाहीत. आमच्याकडे एका घरात दोनशे मिलिलिटरचं फुलपात्र असतं, तर शेजारच्या घरातला स्टीलचा ग्लास तीनशेवर जातो. ‘‘मी आठ ग्लास पिते’’ असं सांगणाऱ्या दोन जावांच्या पाण्यात पाऊण लिटरचा फरक सहज निघतो. म्हणून मी ग्लास विचारत नाही. घरातला तांब्या किती लिटरचा आहे ते एकदा मापून ठेवा, असं सांगते.

२. ताटातलं पाणी हिशोबात धरावं.

आमच्याकडचं जेवण ओलं. भात, आमटी, कालवण, ताक, सकाळी कुणाकडे पेज, उन्हाळ्यात नाचणीची आंबील. शिजलेल्या भातात वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश पाणी असतं आणि काकडीत तर शंभरात पंच्याण्णव भाग. थंडीच्या दिवसांत घरातलंच काम करणाऱ्या, पन्नास-पंचावन्न किलो वजनाच्या बाईचा एक दिवस मांडून बघू. दोन वेळचा मिळून तीनशे ग्रॅम भात म्हणजे दोनशे मिलिलिटर पाणी. आमटीच्या दोन वाट्यांतून अडीचशे, भाजी-भाकरीतून दीडशे, एक ग्लास ताकातून दोनशे आणि तीन वेळच्या चहातून तीनशे. झाले अकराशे. अन्न जाळताना शरीर स्वतःही थोडं पाणी तयार करतं, ते पाव लिटरच्या आसपास, पण या हिशोबात ते धरलेलं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2010 साली बायकांसाठी अन्न आणि पेयं धरून दिवसाला दोन लिटर पुरेसे मानले. म्हणजे या बाईला वेगळं प्यायचं पाणी उरलं नऊशे मिलिलिटर. आठ ग्लासांच्या निम्मं. पुरुषांसाठी त्याच संस्थेचा आकडा अडीच लिटरचा आहे.

चहाने पाणी निघून जातं, म्हणून तो धरायचा नाही, असं बरेच जण म्हणतात. रोज चहा पिणाऱ्याच्या बाबतीत ते खरं नाही. नेहमीच्या दोन-चार कप चहातलं पाणी अंगातच राहतं. साखरेचं म्हणाल तर ते वेगळं भांडण आहे.

मात्र हाच हिशोब कोरडी पोळी-चटणी खाऊन कंपनीत बारा तास उभ्या असलेल्या पोराला लागू होत नाही. ताट बदललं, की पाणी बदलतं.

३. निरोगी, धडधाकट माणसाने आपल्या तहानेवर भरवसा ठेवावा.

‘तहान लागली म्हणजे उशीर झाला’ हे वाक्य मला अजिबात पटत नाही. रक्तातलं पाणी कमी होऊन क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली, की मेंदूतल्या विशिष्ट पेशींना ते कळतं. त्याआधीच मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवण्याचा निरोप गेलेला असतो आणि लघवी दाट व्हायला लागलेली असते. साठ किलोच्या माणसात तहान लागते तेव्हा तूट असते साधारण अर्ध्या लिटरच्या घरात. कामाची ताकद, लक्ष यांवर परिणाम जाणवायला लागतो तो वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास पाणी घटल्यावर. तहान वेळेवरच येते. फक्त तेव्हा हाताशी पाणी हवं आणि उठून पिण्याची मोकळीक हवी.

आणि पोट भरल्याचीही खूण असते. 2016 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लोकांना आधी तहानेल्या अवस्थेत आणि मग भरपूर पाणी पाजून पुन्हा घोट गिळायला लावला. दुसऱ्या वेळी गिळायला तिपटीने जास्त जोर लागतो, असं त्या लोकांनीच सांगितलं. गरज संपली की घशाखाली पाणी उतरायला कुरकुर करतं. ती ऐकावी. सकाळी उठून तीन तांबे जबरदस्तीने ढोसणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

खरी तहान आणि कोरडं तोंड यांत मात्र गल्लत होते. मशेरी लावणाऱ्या, तंबाखू मळणाऱ्या, तोंडाने श्वास घेत झोपणाऱ्या माणसाचं तोंड सुकतं. सर्दी-खाजेच्या गोळ्यांनी, मनाच्या आजाराच्या काही औषधांनीही सुकतं. अशा वेळी पाणी तोंडात घोळवून थुंकलं तरी बरं वाटतं. खरी तहान चूळ भरून भागत नाही, आणि तिच्या जोडीला लघवी थोडी आणि गडद होते.

लघवीचा रंग बघणं हा म्हणूनच दुसरा साक्षीदार. फिकट, सुकल्या गवताच्या काडीसारखा पिवळा रंग ठीक. सकाळची पहिली लघवी गडदच असते, तिच्यावरून निकाल देऊ नये. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर ती भडक पिवळी होते, त्यात पाण्याचा दोष नाही. डोळेही पिवळे आणि लघवी काळपट असेल तर ती कावीळ, आणि पाणी वाढवून ती जात नाही. पाण्यासारखी पांढरी लघवी तासातासाला होत असेल, तर एक तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पिताय, नाही तर साखर तपासायची वेळ आली आहे.

अंगावर पाजणाऱ्या बाईची तहान तर सगळ्यांत खरी. बाळ तोंड लावतं आणि हिचा घसा सुकतो, असं आया सांगतात. दुधावाटे तिला दिवसाला सुमारे सातशे मिलिलिटर पाणी जास्त लागतं. काही घरांत अजून बाळंतिणीला ‘बाधेल’ म्हणून पाणी मोजून देतात. सासूबाईंना मी एवढंच सांगते, की गार नको असेल तर कोमट द्या, पण पाजायला बसताना तिच्याजवळ भरलेला तांब्या ठेवा.

४. घाम गाळल्यावर नुसतं पाणी पुरत नाही.

राजगड-तोरण्याच्या वाटेवर आमचा रस्ता. एप्रिल-मे महिन्यात शनिवार-रविवारी गडावरून उतरलेली पोरं डोकं धरून येतात. बहुतेकांना पाणी कमी पडलेलं असतं. तोंड कोरडं, लघवी सकाळपासून नाही, उभं राहिलं की भोवळ. अधूनमधून मात्र वेगळाच मासला येतो. पाठीवरच्या सगळ्या बाटल्या संपवल्या, वाटेत भेटेल तिथे आणखी पाणी प्यायलं, लघवी भरपूर आणि पांढरी, तरी मळमळ, डोकेदुखी, बोलणं जरा गोंधळलेलं. बोटं सुजलेली, अंगठी रुतलेली. हा माणूस पाण्याने कमी झालेला नाही, मिठाने कमी झालेला आहे.

घामात मीठ जातं. त्याच्या बदल्यात नुसतं पाणी ओतत राहिलं, की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मूत्रपिंडं तासाला फार तर पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतात, आणि कष्टात असताना तेवढंही नाही. त्याहून वेगाने पीत राहिलं तर पाणी पेशींत शिरतं आणि मेंदूला सूज येते. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 28 वर्षांची एक धावपटू याच कारणाने गेली. त्या शर्यतीत रक्त तपासलेल्या 488 जणांपैकी तेरा टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं. अशा माणसाला ‘पाणी पी, पाणी पी’ म्हणत आणखी पाजणं हा घात आहे. गोंधळलेला, उलट्या करणारा माणूस थेट दवाखान्यात न्यायचा.

गड चढणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. तहान लागेल तसं प्या, घोट घोट. सोबत खारे दाणे, लोणचं-भाकरी, मिठाचं ताक असू द्या. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस. त्याचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम कालवायचं. चिमूट-चिमूट ग्लासात घालणारे लोक कधी खारट काढा पितात, कधी साधं पाणी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे रोज प्यायचं सरबत मात्र नव्हे. रक्तदाब असलेल्याने तर नाहीच.

५. म्हाताऱ्या माणसाला ‘तहान लागली का’ असं विचारू नये, सरळ हातात पेला द्यावा.

तिसऱ्या मुद्द्यात तहानेची एवढी बाजू घेतली, ती इथे मागे घ्यावी लागते. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंग्लंडमधल्या संशोधकांनी सात तरुण आणि सत्तरीच्या आसपासचे सात तब्येतीने ठणठणीत पुरुष चोवीस तास पाण्यावाचून ठेवले. रक्त म्हाताऱ्यांचं जास्त दाट झालं, पण तहान त्यांनाच कमी लागली. नंतर पाणी पुढे ठेवलं तर तेही ते कमी प्यायले. वयाने तहानेची घंटा बोथट होते आणि मूत्रपिंडाची पाणी राखायची ताकदही उतरते.

आमच्या गावात याला आणखी एक कारण जोडलेलं आहे, ते कुठल्या अभ्यासात नाही. संडास अंगणाच्या टोकाला असतो. रात्री उठायचं, काठी शोधायची, ओल्या फरशीवरून जायचं. पडण्याच्या भीतीने आजी दुपारपासूनच पाणी तोडते. त्यात रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी चालू असते. मग एके दिवशी घरचे सांगत येतात, ‘‘मॅडम, आजी कालपासून काहीतरीच बरळतीये.’’ वेड लागलं, भूल पडली असं घरच्यांना वाटतं. जीभ बघितली तर खरखरीत, काखेत हात घातला तर कोरडी, आणि झोपून उठवून बसवलं की रक्तदाब घसरतो. हाताची कातडी चिमटीत धरून बघायची रीत म्हाताऱ्यांत फसवते. त्यांची कातडी तशीही सैलच असते.

अशा घरात मी पाण्याला वेळा बांधून देते. सकाळच्या चहाआधी एक पेला, प्रत्येक गोळीबरोबर एक पूर्ण पेला, जेवणात ताक किंवा पातळ कालवण, चार वाजता चहा. मोठा वाटा संध्याकाळी सहाच्या आत संपवायचा, मग रात्रीची भीती कमी होते. खाटेशेजारी लघवीचं भांडं ठेवा म्हटलं की आधी सगळे लाजतात, आठवडाभरात सवय होते. गोंधळलेल्या माणसाला मात्र झोपवून पाणी पाजू नका. ठसका लागून ते छातीत उतरतं.

६. ज्यांना पाणी मोजून सांगितलंय, त्यांच्यापुढे व्हिडिओ नाचवू नये.

हृदय कमजोर असलेले, डायलिसिसवर असलेले, यांचा कायदा निराळा. डायलिसिसवरच्या माणसाला साधारणपणे आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली त्यात अर्धा-पाऊण लिटर मिळवून सगळं द्रव धरलं जातं. नेमका आकडा त्याचे डॉक्टर ठरवतात. चहा, आमटी, बर्फाचा गोळाही त्यात आला. हृदयाच्या रुग्णाने रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं.

मुतखडा झालेल्याला याच्या उलट. त्याने तहानेवर विसंबून चालत नाही, दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यायला हवं. तेवढं होतं का, हे एक दिवस मापाच्या भांड्यात धरून बघितलं की कळतं. आणि ज्याची तहान कितीही पिऊन भागत नाही, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, त्याने पाण्याबद्दल विचारायला येण्याऐवजी साखर तपासायला यावं.

७. काही माणसांना तहान कळते, पाणी शेजारी असतं, तरी ती पीत नाहीत.

आषाढ लागला, की माझ्याकडे उन्हाळी लागलेल्या बायकांची रीघ असते. लघवीला आग, थेंब थेंब, ओटीपोटात कळ, कुणाला थंडीताप. हे भातलावणीचे दिवस. चारी बाजूंना पाणी, अंगावर पाऊस, गुडघाभर चिखल, आणि त्यात उभी असलेली बाई दिवसभर तोंडात पाणी घेत नाही. का, तर ‘‘मॅडम, जायचं कुठं? बांधावर गडी उभे असत्यात.’’

पस्तिशीच्या एका बाईला दर लावणीला हा त्रास व्हायचा. तिला मी एक दिवस वजन करायला लावलं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर कोरड्या लुगड्यात 47.6 किलो. संध्याकाळी अंग पुसून, तसंच कोरडं लुगडं नेसून 46.8. मधल्या वेळात तिने चहा-पाणी मिळून सातशे मिलिलिटर घेतलं होतं आणि भाकरी-कालवण चारशे ग्रॅमच्या आसपास. लघवी एकदाच, दोनशे मिलिलिटर धरू. आता हिशोब करा. घटलेलं आठशे, घेतलेलं अकराशे, त्यातून लघवीचे दोनशे वजा. सतराशे ग्रॅम, म्हणजे पावणेदोन लिटरच्या जवळ पाणी घामातून आणि श्वासातून गेलं. भर पावसात! इरल्याखाली, प्लॅस्टिकच्या कागदाखाली हवा दमट असते, घाम वाळत नाही, पावसाच्या पाण्यात मिसळून जातो. आपण घामेजलोय हे त्या बाईला कळतही नाही. आणि सबंध दिवसात एकदाच लघवी, म्हणजे मूत्राशयात शिरलेल्या जंतूंना वाढायला मोकळं रान.

वरचेवर उन्हाळी लागणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या 140 बायकांवर केलेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त दिलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. पाणी जास्त प्यायलं की लघवी जास्त वेळा होते आणि जंतू धुऊन जातात, एवढं साधं कारण. पण आमच्या खाचरात ‘दीड लिटर जास्त प्या’ असं सांगणं म्हणजे अर्धवट सल्ला. पाण्याबरोबर जागाही द्यावी लागते.

त्या बाईबरोबर बसून मी वेळा ठरवल्या. घरून निघताना मीठ घातलेली पेज आणि एक पेला पाणी. नऊच्या न्याहारीला एक, दुपारच्या जेवणात दोन आणि ताक, चारला एक, घरी आल्यावर दोन. लघवीला दोन ठरलेल्या वेळा, न्याहारीनंतर आणि तिसऱ्या प्रहरी, सगळ्या जणींनी मिळून. सावडीतल्या बाकीच्या बायकांना तिनेच पटवलं. खाचराच्या वरच्या अंगाला चार काठ्या रोवून जुन्या लुगड्याचा आडोसा केला. औषधाची चिठ्ठी त्या वर्षीही लागली, पण एकदाच.

विंझर, मार्गासनी, साखर, गुंजवणे या गावांतल्या खाचरमालकांना माझी विनंती आहे. लावणीला बायका सांगायला जाल तेव्हा मजुरी आणि न्याहारी ठरवता तसा आडोसाही ठरवा. चार काठ्या, एक कापड आणि बांधावर झाकलेला पाण्याचा हंडा. आणि बायकांनो, आडोसा नसेल तर तो लावणीला हात लावण्याआधी मागा.